तास आणि तासिका

मराठी शाळेत ‘तास’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. घड्याळातला तास साठ मिनिटांचा असतो, तर वेळापत्रकातला तास बहुधा पस्तीस-चाळीस मिनिटांचा. “सरांना आठवड्याला अठ्ठावीस तास आहेत” हे वाक्य संस्थेच्या बैठकीत उच्चारले गेले की ऐकणाऱ्यांपैकी कोणी पहिला अर्थ घेतो, कोणी दुसरा. शिक्षकांच्या कार्यभाराचा अहवाल तयार करताना हा गोंधळ आधी निस्तरावा लागतो. म्हणून अशा अहवालात वेळापत्रकातल्या तासाला ‘तासिका’ म्हणतात आणि ‘तास’ हा शब्द घड्याळासाठी राखून ठेवतात.

हा अहवाल मुख्याध्यापक शालेय समितीपुढे किंवा संस्थेच्या कार्यकारी मंडळापुढे ठेवतात. कोणाकडे किती तासिका आहेत, शिकवण्याखेरीज कोणाच्या अंगावर काय काय पडले आहे आणि त्यात काय बदल करता येईल, या तीन प्रश्नांची उत्तरे त्यात अपेक्षित असतात. अनुदानित शाळेत शिक्षकांची पदे संचमान्यतेत पटावरून ठरतात. ‘आणखी दोन शिक्षक द्या’ ही शिफारस संस्थेच्या हातातली नसते. जे बदल करायचे ते आहे त्या माणसांत आणि आहे त्या वेळेतच करायचे असतात. त्यामुळे मोजणी नेमकी असणे भाग पडते.

पहिली बेरीज

उदाहरणासाठी एक शाळा घेऊ. पाचवी ते दहावी, प्रत्येक इयत्तेच्या दोन तुकड्या, म्हणजे एकूण बारा. प्रत्येक तुकडीत ५० मुले, पट ६००. सोमवार ते शुक्रवार रोज ३५ मिनिटांच्या आठ तासिका आणि शनिवारी सकाळी पाच, अशा एका तुकडीच्या आठवड्याला ४५ तासिका. बारा तुकड्यांच्या मिळून ५४० झाल्या. त्यांतल्या सहा मुख्याध्यापक घेतात आणि बारा पर्यवेक्षक. उरलेल्या ५२२ तासिका अठरा शिक्षकांत वाटल्या आहेत. सरासरी निघते बरोबर २९.

अहवालातली पहिली पडताळणी इथेच होते. सगळ्या शिक्षकांच्या तासिकांची बेरीज तुकड्यांच्या बेरजेशी जुळली पाहिजे. ती वाढली, तर बहुधा एखादी तुकडी काही तासिकांना विभागली जाते. हिंदी-संस्कृत संयुक्त घेणारी आणि पूर्ण हिंदी घेणारी मुले वेगळ्या वर्गांत बसतात, तेव्हा एकाच वेळी एका तुकडीवर दोन शिक्षक खर्च होतात. बेरीज कमी भरली, तर दोन तुकड्या मैदानावर एकत्र सोडलेल्या असतात आणि शारीरिक शिक्षणाची एकच तासिका दोघींच्या नावावर मांडलेली असते. उदाहरणातल्या शाळेत असे विभाजनही नाही आणि एकत्रीकरणही नाही, असे धरले आहे.

२९ तासिकांचे घड्याळी तास होतात जेमतेम सतरा. हा आकडा एकटा सांगितला, तर ऐकणाऱ्याला शिक्षकाचे काम फारच हलके वाटते. शाळा मात्र आठवड्याला साडेतेहतीस तास भरते. या दोन आकड्यांमधल्या वेळात, आणि शाळा सुटल्यावर घरी, काय चालते हे शोधणे हा अहवालाचा खरा विषय असतो.

मोजायला एक माप कायद्यात आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत शिक्षकासाठी आठवड्याला किमान ४५ तास सांगितले आहेत आणि त्यांत पूर्वतयारीचा वेळ धरलेला आहे. हा कायदा पहिली ते आठवीपुरता असला, तरी नववी-दहावीसाठीही तोच अंदाज वापरणे सोयीचे पडते. शिकवण्याची तयारी हा कामाचाच वेळ आहे, हे त्या तरतुदीत स्पष्ट लिहिलेले आहे.

तासिकेला चिकटलेले काम

प्रत्येक तासिकेमागे तयारी आणि तपासणी असते, पण सगळ्या विषयांत ती सारखी नसते. त्यासाठी दोन गोष्टी विचाराव्या लागतात. शिक्षक किती वेगवेगळ्या इयत्तांची तयारी करतो, आणि त्याच्या हाताखालून किती मुलांच्या वह्या जातात.

उदाहरणातल्या शाळेतले तीन शिक्षक जवळून पाहू. मराठीच्या शिक्षकांकडे आठवी, नववी, दहावीच्या मिळून पाच तुकड्या, प्रत्येकी सहा तासिका, एकूण ३०. विज्ञानाच्या शिक्षिकेकडे नववी-दहावीच्या चार तुकड्या, प्रत्येकी सात तासिका, एकूण २८. कला शिक्षकांकडे बाराही तुकड्या आहेत, पण प्रत्येकी दोनच तासिका, म्हणून एकूण २४. फक्त वेळापत्रक पाहिले, तर मराठीचे सर सर्वांत दबलेले आणि कला शिक्षक सर्वांत मोकळे दिसतात.

मराठीच्या सरांच्या पाच तुकड्यांत २५० मुले आहेत. निबंधाची वही पंधरवड्यातून एकदा पाहायची, म्हणजे आठवड्याला १२५ वह्या. एका वहीला तीन मिनिटे धरली, तरी सव्वासहा तास होतात. तीन इयत्तांच्या पाठांची तयारी चार तासांची. विज्ञानाच्या बाईंना वह्या-जर्नलांना कमी वेळ लागतो, आठवड्याला शंभर आणि प्रत्येकी दोन मिनिटे. पण तयारीत प्रयोगशाळा येते. ब्युरेट धुऊन ठेवायचे, द्रावणे करायची, बारा गटांना पुरेल इतके साहित्य मांडायचे आणि नंतर आवरायचे, यामुळे त्यांची तयारी सहा तासांची होते. कला शिक्षकांकडे वह्या नाहीत, पण महिन्याला ६०० चित्रे आहेत. एकेका चित्राला एक मिनिट दिले, तर आठवड्याला अडीच तास.

परीक्षेच्या पंधरवड्यात हे प्रमाण बदलते. नववी-दहावीत विज्ञानाच्या चाळीस-चाळीस गुणांच्या दोन स्वतंत्र उत्तरपत्रिका असतात, म्हणजे २०० मुलांच्या ४००. प्रत्येकी सात मिनिटे धरली, तर जवळपास ४७ तास. त्याच इयत्तांची मराठीची लेखी उत्तरपत्रिका ८० गुणांची असते. आठवी धरून सरासरी बारा मिनिटे लावली, तर २५० उत्तरपत्रिकांचे पन्नास तास. हा भार आठवड्यांच्या सरासरीत मिसळला की दिसेनासा होतो. म्हणून तो अहवालात वेगळा मांडतात आणि त्या पंधरवड्यातले पर्यवेक्षण उत्तरपत्रिका नसलेल्या शिक्षकांकडे जास्त द्यावे, अशी नोंद करतात.

अशैक्षणिक म्हणजे नेमके काय

‘अशैक्षणिक काम’ या शब्दाखाली तीन निरनिराळ्या गोष्टी एकत्र टाकल्या जातात आणि मग शिफारशी फसतात.

पहिली गोष्ट कायद्याने आलेली. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नुसार दहा वर्षांनी होणारी जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका एवढ्याच अशैक्षणिक कामांवर शिक्षकाला नेमता येते. निवडणुकीच्या कामाबाबत सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये सेंट मेरीज शाळेच्या प्रकरणात सांगितले की शिक्षकांना हे काम सुट्टीच्या आणि अध्यापन नसलेल्या दिवशी द्यावे. मतदान केंद्रस्तरीय अधिकारी म्हणून नेमलेल्या शिक्षकाचे काम मात्र एका दिवसात संपत नाही. मतदार यादीच्या दुरुस्त्या, घरभेटी आणि अर्ज असे ते टप्प्याटप्प्याने येत राहते. संस्था ही कामे थांबवू शकत नाही. नियुक्तीचे दिवस आधी कळले, तर बदली तासिकांची सोय लावणे एवढेच तिच्या हातात असते.

दुसरी गोष्ट शाळा चालवण्याची. यात पोषण आहाराच्या नोंदी, यू-डायस प्लसची माहिती, विद्यार्थ्यांच्या आधार नोंदींतल्या दुरुस्त्या आणि शिष्यवृत्तीचे अर्ज येतात. ही कामे शिक्षकानेच करावीत असे त्यांच्या स्वरूपात काही नाही. शाळेत माणूस नाही, म्हणून ती शिक्षकाकडे जातात. बदलाला सर्वांत जास्त वाव इथे आहे.

तिसरी गोष्ट शिकवण्याला लागून असलेली. परिपाठ, पालकसभा, निकालपत्रक, स्नेहसंमेलन, सहल, विज्ञान प्रदर्शन ही सगळी त्यात मोडतात. ही कामे अशैक्षणिक म्हणून काढून टाकावीत, अशी शिफारस कोणी केली, तर शाळेतले निम्मे शिक्षणच निघून जाईल. त्यांचा वेळ मोजायचा, पण तो वेगळ्या रकान्यात.

दुसऱ्या प्रकारचे काम किती वेळ खाते, हे बाहेरून कळत नाही. पोषण आहाराचेच पाहू. उदाहरणातल्या शाळेत पाचवीची १०० आणि सहावी ते आठवीची ३०० मुले जेवतात. पाचवीच्या मुलाला १०० ग्रॅम आणि वरच्या वर्गांतल्या मुलाला १५० ग्रॅम तांदूळ, या हिशेबाने सगळी हजर असतील, तर दिवसाला ५५ किलो तांदूळ काढावा लागतो. पण रोज सगळी हजर नसतात. म्हणून पहिल्या तासिकेनंतर आठ वर्गांतून हजेरीचे आकडे गोळा करायचे, त्यावरून तांदूळ मोजून द्यायचा, शिजलेले अन्न मुलांच्या आधी चाखायचे, पंगत उठल्यावर जेवलेल्या मुलांचा आकडा भरायचा आणि साठा नोंदवहीत शिल्लक उतरवायची. वर्गावरच्या हजेरीत आणि ताटांच्या आकड्यात दोन मुलांचा फरक पडला, तरी तो कुठून आला हे त्याच दिवशी शोधावे लागते. नाहीतर महिनाअखेरीस गोणीतला तांदूळ आणि वहीतला तांदूळ जुळत नाही. या सगळ्याला रोज साधारण तास जातो.

नोंद कशी घ्यायची

शिक्षकांना “तुम्हाला किती वेळ लागतो?” असे विचारून आलेले आकडे उपयोगाचे नसतात. माणसाला दगदगीचा आठवडा आठवतो, साधा आठवडा आठवत नाही. त्यामुळे चार आठवडे रोजची नोंद ठेवतात. एका पानावर दिवसाच्या ओळी, कामाचे सहा प्रकार आणि मिनिटे, एवढे पुरते. वर्षात ही नोंद तीनदा होते. पहिली जुलैत, तेव्हा प्रवेश आणि अर्ज यांची गर्दी असते. दुसरी सप्टेंबर-ऑक्टोबरात, कारण यू-डायसची माहिती ३० सप्टेंबरच्या पटावर आधारलेली असते आणि सहामाही परीक्षाही जवळ येते. तिसरी फेब्रुवारीत, जेव्हा दहावीच्या तोंडी-प्रात्यक्षिक परीक्षांचे दिवस असतात. एकाच ऋतूतली नोंद संपूर्ण वर्षाला लावली, तर निष्कर्ष हमखास चुकतो.

नोंद खरी आहे का, हे तिच्याकडे पाहून बरेचसे ओळखता येते. सगळे आकडे तीस आणि साठ मिनिटांचेच असतील, चारही आठवड्यांचे शनिवार सारखेच दिसत असतील आणि शाईही एकच असेल, तर पान शेवटच्या दिवशी एका बैठकीत भरलेले आहे. अशी पाने बाजूला काढावी लागतात. बदली तासिका तर नोंदीवरूनही धरत नाहीत. त्या पर्यवेक्षकांच्या बदली वहीतून थेट मोजतात, कारण तिथे रोजची सही असते.

तिघांची तुलना

उदाहरणातल्या तीन शिक्षकांच्या साध्या आठवड्याची सरासरी अशी निघाली, असे समजू. तासिकांची ओळ सोडली, तर आकडे तास आणि मिनिटांत आहेत.

| काम | मराठी | विज्ञान | कला |
|---|---|---|---|
| साप्ताहिक तासिका | ३० | २८ | २४ |
| शिकवणे | १७:३० | १६:२० | १४:०० |
| तयारी व तपासणी | १०:१५ | ९:२० | ४:३० |
| वर्गशिक्षकाचे काम | ३:०० | ३:०० | – |
| बदली तासिका | ०:३५ | १:१० | २:५५ |
| नेमून दिलेली इतर कामे | १:३० | ८:०० | १०:०० |
| परिपाठ, सुट्टीतली देखरेख, सभा | ४:०० | ४:०० | ४:०० |
| एकूण | ३६:५० | ४१:५० | ३५:२५ |

तासिकांची ओळ आणि एकूणाची ओळ शेजारी ठेवली की चित्र पालटते. कला शिक्षकांकडे मराठीच्या सरांपेक्षा सहा तासिका कमी आहेत, पण एकूण कामात फरक जेमतेम दीड तासाचा. वेळापत्रकात त्यांच्या २१ तासिका मोकळ्या दिसतात, म्हणून कोणी गैरहजर राहिले की बदली तासिका त्यांच्याकडे जाते. पोषण आहाराची वही त्याच कारणाने त्यांच्याकडे आली. फलकलेखन आणि रंगमंच सजावट तर हक्काचीच. रेखाकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांची तयारी हे त्यांच्या विषयाचे एकमेव काम, त्याला आठवड्याला दोनच तास उरतात.

विज्ञानाच्या बाईंची अडचण वेळापत्रकात मुळीच दिसत नाही. त्यांच्या २८ तासिका सरासरीपेक्षा एकने कमीच आहेत. पण त्या संगणकावर सफाईने काम करतात, हे सगळ्यांना माहीत आहे. यू-डायस, आधारच्या दुरुस्त्या आणि शिष्यवृत्तीचे अर्ज मिळून त्यांचे आठवड्याला आठ तास जातात. त्यांच्या मोकळ्या तासिका १७, म्हणजे नऊ तास पंचावन्न मिनिटे. त्यांतून ऑनलाइन कामाचे आठ तास आणि बदली तासिकांची सत्तर मिनिटे वजा केली, तर आठवड्याभरात उरतात पंचेचाळीस मिनिटे. त्यात सहा तासांची प्रयोगशाळेची तयारी बसत नाही. ती शाळेआधी, शाळेनंतर किंवा होतच नाही. दहावीच्या वर्गात एखादा प्रयोग ‘वेळेअभावी’ फळ्यावरच शिकवला जातो, त्याचे कारण असे दोन रकाने पलीकडे सापडते.

शिफारशी

असा तक्ता समोर आला की पहिली सूचना ठरलेली असते, की कला शिक्षकांना पाच तासिका वाढवून २९ करा. अहवालाने ही सूचना का टाळावी हे सांगावे लागते. बाराही तुकड्यांच्या कलेच्या तासिका त्यांच्याकडे आधीच आहेत. वाढवायच्या झाल्या तर त्या दुसऱ्या विषयाच्या असतील, ज्याची त्यांची अर्हता नाही. शिवाय वही आणि बदली तासिका तशाच राहिल्या, तर ते तक्त्यात मराठीच्या सरांच्याही वर जातील. तासिका समान करणे आणि भार समान करणे या वेगळ्या गोष्टी आहेत.

उपयोगी शिफारस कामाचे तुकडे करून होते. ऑनलाइन माहितीत भरणे आणि खात्री करणे ही दोन निराळी कामे आहेत. भरण्याचे काम कार्यालयाकडे गेले आणि वर्गशिक्षकाने आपल्या वर्गाची छापील यादी तपासून सही केली, तर बाईंचे आठ तास दोनवर येतात आणि एकूण पस्तीस तास पन्नास मिनिटे होते. पोषण आहारातही असेच करता येते. वर्गशिक्षकाने पहिल्या तासिकेत हजेरीची चिठ्ठी पाठवावी, चाखणे आणि पंगतीची देखरेख पाचवी ते आठवीच्या शिक्षकांत आठवड्याआड फिरावी, पण साठा नोंदवही एकाच हातात, कार्यालयात, राहावी. वहीच फिरवली, तर प्रत्येक हस्तांतरणाला तांदूळ पुन्हा मोजावा लागतो आणि कमी-जास्त निघाले की कोणाच्या आठवड्यातले ते ठरत नाही. या बदलाने कला शिक्षकांचे सहा तास तीनवर येतात. बदली तासिकांना आठवड्याला तीनची मर्यादा घातली, तर आणखी सत्तर मिनिटे सुटतात. हा वेळ रेखाकला परीक्षांच्या तयारीसाठी नोंदवून द्यायचा. नोंदवला नाही, तर तो पुन्हा मोकळा दिसतो आणि पुन्हा भरला जातो.

इथे अहवालाची दुसरी पडताळणी येते. शिक्षकांकडून काढलेले नऊ तास नाहीसे झालेले नाहीत, ते लिपिकाच्या टेबलावर गेले आहेत. त्याच टेबलावर वेतन देयके, सेवापुस्तके आणि शाळा सोडल्याचे दाखले आधीपासून आहेत. लिपिकाचीही चार आठवड्यांची नोंद नसेल, तर शिफारस कागदावर राहते आणि दोन महिन्यांत काम मूळ जागी परत येते. म्हणून संस्थेपुढे ठेवायची खर्चाची मागणी इथली असते, जुलै ते ऑक्टोबर या चार महिन्यांसाठी दिवसाला दोन तास येणारा संगणक चालक, संस्थेच्या निधीतून. पद मंजुरीची त्याला गरज नाही आणि नऊ तासांचा हिशेब आधीच समोर असतो.

मोजण्याला मर्यादाही आहेत. एका वहीला तीन मिनिटे हे सरासरीचे माप आहे. नुसती बरोबरची खूण करणारा दीड मिनिटात वही बंद करतो आणि प्रत्येक चूक लिहून देणारा पाच मिनिटे घेतो. तक्त्यात दोघांचे काम सारखेच मोजले जाते. त्यामुळे हा अहवाल शिक्षकाच्या मूल्यमापनासाठी वापरायचा नसतो, आणि तसे त्याच्या पहिल्या पानावर लिहिलेले असावे. नाहीतर पुढच्या वेळी नोंदींतले आकडे फुगतात आणि तुलनेचा पायाच जातो.

शेवटचे पान पुढच्या सत्राचे असते. दुसऱ्या सत्रात त्याच तीन शिक्षकांची आणि लिपिकाची पुन्हा चार आठवडे नोंद घ्यायची आणि दोन तक्ते शेजारी ठेवायचे. विज्ञानाच्या बाईंच्या रकान्यात आठाच्या जागी दोन आले आहेत का, आणि ते सहा तास लिपिकाकडे गेले की दुसऱ्या एखाद्या संगणक जाणणाऱ्या शिक्षकाकडे, एवढे त्यातून कळते.